पाचवं नाव

आमच्या ऑफिसातून खुर्च्या गेल्या तेव्हा कुणी रडलं नाही. नागपूरची राजधानी गेली, मंत्री गेले, सचिव गेले, मग त्यांच्यामागून फायली गेल्या आणि फायलींच्या मागून खुर्च्या. ट्रक मुंबईला निघाला तेव्हा आम्ही व्हरांड्यात उभं राहून चहा पीत होतो. खुर्च्या जातात, माणसं राहतात, असं आम्हाला वाटत होतं. आम्ही मूर्ख होतो, दुसरं काय.

मग ग्रेडेशन लिस्ट आली. जुन्या मध्यप्रांतातले आम्ही आणि मुंबई राज्यातले ते, अशा सगळ्यांची एकत्र ज्येष्ठता लावायची होती. कोण कोणाच्या वर आणि कोण कोणाच्या खाली. बाहेरच्या माणसाला यात काय आहे ते कळणार नाही. पण सरकारी नोकराचं उभं आयुष्य त्या एका यादीत बसलेलं असतं. वरचा माणूस बढती घेतो, खालचा त्याची पाठ बघत निवृत्त होतो.

त्या यादीत दत्तोपंत मुळमुळे पाच पायऱ्या घसरले.

दत्तोपंत आमचे मुख्य कारकून. नागपूरच्या महाल वस्तीतलं, भोसल्यांच्या काळापासूनचं घराणं, पण घराण्यात उरलं होतं ते फक्त आडनाव, आणि तेही असं की ऑफिसात नव्यानं आलेला प्रत्येक जण त्यावर एकदा तरी हसून घ्यायचा. मी तर कायम हसायचो. "मुळमुळे साहेब, जरा मुळमुळीतपणा सोडा," असं मी त्यांना तोंडावर म्हणत असे आणि ते चष्मा पुसत म्हणत, "श्रीधर, तुमची नोट आधी नीट लिहा." माणूस नाकासमोर चालणारा. कुणाचं मन दुखावेल म्हणून चुकलेल्या मसुद्यावरसुद्धा ते तांबड्या शाईनं लिहीत नसत, पेन्सिलीनं बारीकशी खूण करत. या स्वभावाचा मला राग यायचा. अजूनही येतो.

त्यांच्या घसरण्याचं कारण एका शब्दात होतं. मुख्य कारकुनाच्या जागेवर कायम होण्याआधी दत्तोपंतांनी दोन वर्षं त्याच जागेवर स्थानापन्न म्हणून, म्हणजे कायमचा हुकूम नसताना, काम केलं होतं. एकत्र यादीचा नियम असा होता, की त्या दर्जाच्या जागेवर सलग केलेली नोकरी धरायची, मात्र नुसती वेळ मारून नेण्यासाठी दिलेली तात्पुरती बढती सोडून द्यायची. कुणीतरी मुंबईत बसून त्यांची दोन वर्षं त्या 'तात्पुरती'मध्ये ढकलली. जागा तर रिकामीच होती, जुना माणूस वारला होता, कुणी रजेवरून परत येणार नव्हतं. पण हे मुंबईला कसं कळणार? आणि सांगितलं तर ऐकणार कोण?

वर गेलेल्या पाचांपैकी चौघं तिकडचे, पुण्या-मुंबईकडचे. त्यांची तोंडंही आम्ही पाहिली नव्हती. त्यांना आपापल्या गावी अधीक्षकाच्या जागा मिळाल्या आणि विषय संपला. पाचवा मात्र आमच्याच खोलीत, दत्तोपंतांच्या टेबलासमोर बसायचा. नत्थूजी धकाते.

नत्थूजी उमरेडच्या कोष्ट्यांच्या घरातले. बाप लुगडी विणायचा. पुढे ते सगळे नागपुरात पाचपावलीला आले. घरात पहिला शिकलेला आणि पहिला खुर्चीवर बसलेला माणूस म्हणजे नत्थूजी. ते नोकरीला लागले तेव्हा त्यांना नोट कशी मांडायची, फायलीला फडकं कसं बांधायचं, साहेबासमोर कधी बोलायचं आणि कधी मूग गिळून बसायचं, हे सगळं दत्तोपंतांनी शिकवलं. पुढे तेही मुख्य कारकून झाले. जुन्या यादीत दत्तोपंत वर, नत्थूजी लगेच खाली. वर्षानुवर्षं तसंच. दुपारचा डबा दोघं एकत्र उघडायचे. दत्तोपंत सोवळ्याच्या घरातले, पण नत्थूजींच्या आईच्या हातचा झुणका त्यांनी कधी नाकारला नाही. सणासुदीला ते पाचपावलीला जायचे आणि ती म्हातारी, भागीरथाबाई, त्यांना "माहा मोठा लेक" म्हणायची.

यादी आली त्या दिवशी नत्थूजी स्वतःच उठून दत्तोपंतांच्या टेबलाशी गेले.

"दत्तोपंत, हे चुकलं हाये. तुम्ही माह्या वरचे. हे मले बी माहीत हाये अन् भिंतीले बी."

दत्तोपंत हसले आणि म्हणाले, "तुमची काय चूक त्यात? असू द्या." त्या दिवसापासून डबे वेगळे उघडायला लागले. भांडण नाही, अबोला नाही. दत्तोपंतांना वाटायचं, आपण समोर बसलो तर नत्थूजींना अवघडल्यासारखं होईल. नत्थूजींना वाटायचं, दत्तोपंतांना आपलं तोंड बघवत नसेल. दोघं एकमेकांना इतकं सांभाळत होते की एकमेकांपासून तुटले. पाचपावलीला जाणंही बंद झालं.

तेवढ्यावर भागलं असतं, पण आमच्या ऑफिसातल्या मुख्य कारकुनाच्या दोन्ही जागा कमी व्हायच्या होत्या. अधीक्षकाची एक जागा मात्र नागपुरात राहणार होती. यादीत जो वर, तो अधीक्षक होऊन इथेच राहणार. जो खाली, तो जादा ठरून औरंगाबादला जाणार. दत्तोपंतांची तीन वर्षं उरली होती निवृत्तीला. बायको, प्रमोदिनीबाई, दम्यानं खाटेला खिळलेल्या. विधवा मुलगी, कुसुमावती, इथल्या शाळेत मास्तरीण, तिची नोकरी सोडवणार कशी? म्हणजे औरंगाबाद याचा अर्थ असा, की मुलीनं आईला सांभाळायचं आणि बावन्न वर्षांच्या माणसानं परगावी खाणावळीत जेवायचं. बायकोच्या प्रत्येक खोकल्याची खबर पोस्टानं कळायची.

दत्तोपंतांनी रीतसर अर्ज केला. अर्ज मुंबईला गेला, तिथून दिल्लीला गेला, कारण राज्यं नव्यानं मांडल्यावर नोकरांच्या वाटण्यांत अखेरचा शब्द दिल्लीचा. वर्षभरानं एका ओळीचं उत्तर आलं. विचार झाला, बदल करण्याचं कारण दिसत नाही. तोंडाला पानं पुसणं म्हणतात ते हेच. त्यापाठोपाठ औरंगाबादचा हुकूम.

मीच त्यांना ओढत हरकरे वकिलांकडे धंतोलीत नेलं. नोकरीच्या प्रकरणांत नागपुरात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि त्यांच्याइतका तुसडाही कुणी नव्हता. त्यांनी कागद चाळले आणि पहिल्यांदा आमची हवा काढून घेतली.

"हायकोर्ट म्हणजे तुमच्या खात्याचा वरचा साहेब नव्हे. कोण जास्त लायक, कुणाला कुठं पाठवायचं, हे कोर्ट बघत नाही. बदली हा नोकरीचाच भाग. सरकारनं आपलाच नियम मोडला का, किंवा आकसानं काही केलं का, एवढंच बघतं. आकस आहे?"

"नाही. आकस कोण धरणार माझ्यावर?" दत्तोपंत म्हणाले.

"ते दिसतंच आहे. मग नियम. तुमची दोन वर्षं रिकाम्या जागेवरची आहेत, सलग आहेत, ती नियमानं धरायलाच हवीत. यात दम आहे. यादी सुधारली की बदलीचा पायाच निघून जातो." मग त्यांनी पेन उचललं. "आता नावं सांगा. सरकार एक. आणखी कोण?"

दत्तोपंतांना कळलं नाही. वकिलांनी समजावलं, की तुम्ही वर सरकणार म्हणजे कुणीतरी खाली जाणार. जो खाली जाणार त्याला प्रतिवादी करायचं, त्याला नोटीस जाणार, त्याचं म्हणणं ऐकणार आणि मगच कोर्ट त्याला हात लावणार. माणसाच्या पाठीमागे त्याची जागा कोर्ट काढून घेत नाही.

दत्तोपंतांनी चार नावं सांगितली. पुणे, मुंबई, मुंबई, नाशिक.

"आणि हा धकाते?"

"त्यांचं नाव नको."

हरकऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मुळमुळे, नागपूरच्या जागेवर तोच बसणार आहे. तुमचं खरं भांडण त्याच्याशीच आहे."

"माझं त्यांच्याशी भांडण नाहीच," दत्तोपंत म्हणाले, "म्हणून तर नको." आणि मग, चष्मा पुसत, त्यांनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो. नत्थूजी लहान असताना सावकाराच्या हुकूमनाम्यावर कोर्टाचा बेलीफ त्यांच्या घरी आला होता. माग नेला नाही, कारागिराची हत्यारं कायद्यानं नेता येत नाहीत. पण विणून, घडी घालून ठेवलेली लुगडी त्यानं सगळ्या गल्लीसमोर मोजून नेली. तेव्हापासून खाकी पिशवीवाला माणूस दारात दिसला की भागीरथाबाई आत जाऊन कोपऱ्यात बसते, त्या दिवशी जेवत नाही. "त्या माउलीनं मला वाढलंय," दत्तोपंत म्हणाले. "तिच्या दारात मी बेलीफ पाठवू? आणि कागदावर काय लिहायचं? मुळमुळे विरुद्ध धकाते?"

"विरुद्ध हा नुसता शब्द आहे हो," हरकरे म्हणाले. "नोटीस त्याला ऑफिसात द्या. नाहीतर तो आपणहून वकील देऊन हजर होऊ दे. एकदा त्याच्याशी बोला तर."

"ऑफिसात चुकली तर घरीच जाणार ना ती," म्हणत दत्तोपंत मान हलवत राहिले. नत्थूजींशी बोलले मात्र नाहीत, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. मी बोलतो म्हणालो, तर त्यांनी मला शपथ घातली. शेवटी हरकऱ्यांनी कपाळाला हात लावला. आम्ही माणसांवर नव्हे, नियम चुकीचा लावला त्यावर बोट ठेवतो आहोत, असं म्हणून बघू, एवढं त्यांनी कबूल केलं. वर हेही सांगून ठेवलं, की हे टिकेल याची खात्री ते देत नाहीत.

अर्ज दाखल झाला. कोर्टानं तो सुनावणीला घेतला, आणि निकाल लागेपर्यंत बदली थांबवली. अधीक्षकाची जागाही भरू नये, असं सांगितलं. ऑफिसात पेढे वाटावेत असं वाटलं होतं मला. पण नत्थूजींकडे पाहिलं आणि वाटले नाहीत. ते रोज टपालाच्या वेळी मान वर करायचे, आपल्याला काही नाही हे पाहून पुन्हा खाली घालायचे. मला तेव्हा वाटलं, नोटिशीची धास्ती असेल. माणसं ओळखण्याचा मला मोठा गर्व होता.

सुनावणी उन्हाळ्यात लागली. सिव्हिल लाइन्समधल्या त्या दगडी इमारतीत बाहेरच्यापेक्षा आत बरं वाटतं, पण दत्तोपंतांचा सदरा पाठीला चिकटला होता. दोन न्यायमूर्ती बसले होते. हरकऱ्यांनी दोन वर्षांची बाजू मांडली, आणि खरं सांगतो, छान मांडली. सरकारी वकिलाला ज्येष्ठ न्यायमूर्तींनी दोनदा विचारलं, की रिकाम्या जागेवरची सलग दोन वर्षं तात्पुरती कशी? त्याला धड सांगता आलं नाही. मी दत्तोपंतांचा गुडघा दाबला.

मग दुसऱ्या न्यायमूर्तींनी अर्जाचं पहिलं पान उलटून पाहिलं. ते हळू आवाजात, इंग्रजीत बोलत होते. अर्जदाराच्या वर पाच माणसं गेली, प्रतिवादी चारच का, असं त्यांनी विचारलं.

हरकरे म्हणाले, की वाद माणसांशी नाही, नियमाशी आहे.

"नियमाशीच असेल," न्यायमूर्ती म्हणाले, "तर चार तरी कशाला?"

कोर्टात कुणीतरी हसलं. ज्येष्ठ न्यायमूर्ती हसले नाहीत. ते दयाळू होते, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. ते म्हणाले, की तुमच्या म्हणण्यात तथ्य दिसतं, पण नागपूरची जागा ज्याच्या हातून जाईल तो माणूस आमच्यासमोर नाही. त्याला न ऐकता आम्ही काही करू शकत नाही. आजही त्याला जोडायचं असेल तर सांगा, आम्ही परवानगी देऊ, त्याला नोटीस जाईल आणि तारीख पडेल.

हरकरे वळले. दत्तोपंतांजवळ येऊन, दातओठ खात, हळूच म्हणाले, "फक्त हो म्हणा. एक नोटीस. एक."

दत्तोपंतांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मी त्यांना हलवायला हवं होतं की काय, कुणास ठाऊक. मी "हो म्हणा" असंच म्हणालो. ते उठून उभे राहिले, न्यायमूर्तींना हात जोडले आणि मान हलवली. नको.

अर्ज फेटाळला गेला. आवश्यक पक्षकार जोडला नाही, संधी देऊनही जोडला नाही, या कारणावरून. खर्चाबद्दल हुकूम नाही. स्थगिती उठली. दोन वर्षं खरी होती की तात्पुरती, ते कोर्टानं ठरवलंच नाही, आणि आता ते कधीच ठरणार नव्हतं. हरकरे वकील बाहेर आले आणि आमच्याशी एक शब्द न बोलता दुसऱ्या कोर्टात गेले. मला त्यांचं चुकलं असं वाटलं नाही.

आठवडाभरात नत्थूजी अधीक्षक झाले. हार घालायला कुणी पुढे होईना, तेव्हा दत्तोपंतांनीच घातला. नत्थूजी पुतळ्यासारखे उभे होते.

आणि मग आमच्या नोकरीतली सगळ्यात क्रूर गोष्ट आली, जी कुठल्याही कायद्यात क्रूर म्हणून लिहिलेली नाही. बदली झालेल्या माणसाला ऑफिसातून मोकळं करण्याच्या हुकुमावर अधीक्षकाची सही लागते. कागद तयार होऊन नत्थूजींच्या टेबलावर गेला आणि तिथेच पडून राहिला. साहेबांनी दोनदा विचारलं. नत्थूजी "पाहतो" म्हणायचे. शेवटी दत्तोपंत स्वतःच आत गेले. मी दुसऱ्या फायली घेऊन तिथेच उभा होतो, नाहीतर मला हे कळलंही नसतं.

"साहेब, सही करा," दत्तोपंत म्हणाले. "मला गाडीचं आरक्षण बघायचंय."

"मले साहेब नका म्हणू."

"ऑफिसात म्हणावंच लागेल."

नत्थूजींनी कागद पुढे ओढला, पण पेन उचललं नाही. मग खाली बघूनच बोलले.

"एक इचारतो. माहं नाव काहून नाही टाकलं?"

दत्तोपंतांनी समोरचा कागद सरळ केला.

"मी वाट पाहून राहिलो होतो," नत्थूजी म्हणाले. "वकीलसुद्धा पाहून ठेवला होता. नोटीस आली का जायचं अन् जजसाहेबाले सांगायचं, का हा माणूस माह्या वरचा हाये, मले ही जागा नको. मी औरंगाबादले जातो. माही काय, पोरं मोठी झाली. रोज टपाल पाह्यलं मी. चार जणाची नावं टाकली तुम्ही, त्यायले पाह्यलं बी नव्हतं कधी. अन् मी समोर बसलो, माहंच नाव नाही. मले वाटलं, कोष्ट्याले काय मोजायचं, असं झालं असन. तुमच्या बरोबरीत उभं राहाची माही लायकी नाही, असं वाटलं असन तुमाले. मंग मी बी आपणहून गेलो नाही कोर्टात."

दत्तोपंतांचा चेहरा असा झाला, की मला तिथून निघून जावंसं वाटलं. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"नाही हो नत्थूजी," ते म्हणाले. "आई. बेलीफ दारात आला असता. आईनं बघितला असता."

नत्थूजींनी मान वर केली. राग नव्हता त्यांच्या तोंडावर, रागाची वेळ गेली होती.

"मायले दिसत नाही, दत्तोपंत. गेल्या दिवाळीच्या आधीपासून. दोनी डोळे गेले. बेलीफ आला काय अन् पोस्टमन आला काय, तिले काय समजते?" मग ते म्हणाले, "तुम्ही घरी आले असते तर माहीत झालं असतं. तिनं किती खेपा इचारलं, मोठा लेक काहून येत नाही म्हणून."

बाहेर कुणीतरी टाइपरायटरवर बडवत होतं. दत्तोपंतांनी टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं आणि नत्थूजींच्या हातात दिलं, नोकरीच्या पहिल्या वर्षी देत असतील तसं. कुठं सही करायची तिथं बोट ठेवलं.

नत्थूजींनी सही केली. सहीच्या वर छापलेलं होतं, की श्री. मुळमुळे यांना आज मध्यान्हानंतर कार्यमुक्त करण्यात येत आहे.

संध्याकाळी दत्तोपंत महालात, घरी गेले नाहीत. मी त्यांच्या बरोबर चाललो होतो, तर ते गांधीबागेपाशी थांबले, नऊवारी लुगडं घेतलं एक, गडद रंगाचं, आणि पाचपावलीची वाट धरली. मी म्हणालो, तिला दिसत नाही आता, रंग कशाला बघता एवढा?

"हातानं कळतं तिला," ते म्हणाले. "विणकराची बायको आहे."

मी पुढे गेलो नाही.